शेफ कोट, स्क्रब आणि लॅब कोट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून-जुलैत प्रवेश सुरू झाले की आमच्या शिलाईच्या दुकानात तीन प्रकारची मुलं येतात: हॉटेल मॅनेजमेंटची, मेडिकल-नर्सिंगची आणि बीएस्सी-फार्मसीची. तिघांनाही 'पांढरा युनिफॉर्म' हवा असतो, पण तिघांचं काम वेगळं आणि अंगावर येणारा धोकाही वेगळा. फोनवर आणि व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कॉलेजच्या यादीत 'ॲप्रन' लिहिलंय. म्हणजे नेमकं काय आणू?

कॉलेज कुठलं आहे त्यावर ठरतं. महाराष्ट्रात मेडिकल, फार्मसी आणि सायन्सचे विद्यार्थी गुडघ्यापर्यंतच्या पांढऱ्या कोटाला सर्रास 'ॲप्रन' म्हणतात. त्या यादीत ॲप्रन असेल तर लॅब कोटच आणायचा: समोरून उघडणारा, कॉलरचा, पूर्ण बाहीचा. हॉटेल मॅनेजमेंटच्या यादीत मात्र ॲप्रन म्हणजे शेफ कोटावरून पुढे बांधायचं, मागे नाडीची गाठ मारायचं कापड. तिथे कोट आणि ॲप्रन या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि दोन्ही लागतात. दर वर्षी दोन-तीन पालक चुकीची वस्तू घेऊन परत येतात, म्हणून हा प्रश्न सगळ्यात वर ठेवला आहे.

स्क्रब या दोन्हींपेक्षा निराळा. व्ही गळ्याचा, डोक्यातून घालायचा सैल टॉप आणि नाडीची पँट. जुने डॉक्टर त्याला 'ओटी ड्रेस' म्हणतात.

२. शेफ कोटाला बटणांच्या दोन रांगा कशासाठी? शोभेसाठी का?

शोभेसाठी नाही. शेफ कोटाच्या पुढच्या दोन्ही पाख्या छातीभर एकमेकींवर येतात, त्यामुळे छाती-पोटावर कापडाचे दोन थर होतात. कढईतून उडालेलं तेल किंवा भांड्याचं झाकण उचलल्यावर अंगावर येणारी वाफ आधी बाहेरच्या थराला लागते. आतला थर आणि दोन थरांमधली हवा यांमुळे मागे सरकायला क्षणभर वेळ मिळतो.

दुसरा उपयोग डागांचा. वरच्या पाखीवर रस्सा सांडला आणि तेवढ्यात पाहुण्यांसमोर जायचं असलं, तर पाख्या उलट घ्यायच्या. खालची स्वच्छ बाजू वर येते. यासाठी काजी दोन्ही पाख्यांवर करावी लागतात. शिलाईचे पैसे वाचवायला काही जण एकाच बाजूला काजी करतात आणि दुसऱ्या रांगेला नुसती बटणं टाकून देतात. असा कोट दिसायला शेफ कोट असतो, पण त्याची पाखी उलटता येत नाही. विकत घेताना दोन्ही बाजूंनी बटणं लावून पाहा.

कापडी गाठीची बटणं दिसतात त्यामागेही कारण आहे. ती उकळत्या पाण्याच्या धुलाईत आणि इस्त्रीखाली फुटत नाहीत. प्लास्टिकचं बटण तडकलं तर त्याचा तुकडा अन्नात जाऊ शकतो.

३. किचनमध्ये एवढा उकाडा असतो. मग बाही पूर्ण का? दुमडून ठेवली तर चालेल का?

शेफ कोटात बाही हा भाजण्यापासून वाचवणारा भाग आहे. ओव्हनमधून ट्रे काढताना हात आत जातो तेव्हा वरच्या जाळीला मनगट आणि कोपर यांमधला भाग लागतो. हॉटेलातल्या जुन्या स्वयंपाक्यांच्या हातांवर आडव्या पट्ट्यांसारखे व्रण दिसतात ते इथलेच. म्हणून शेफ कोटाची बाही मनगटाच्या खाली थोडी उतरेल अशी मोजतात आणि पुढचा भाग रुंद ठेवून उलटी घडी घालतात. कणीक मळताना घडी वर घ्यायची, ओव्हनपाशी जाताना खाली सोडायची. घडी मळली की तेवढाच भाग आत वळवता येतो.

कोपराच्या वर गुंडाळलेली बाही दोन कारणांनी वाईट. हात उघडा राहतो, आणि गुंडाळीच्या वळ्यांत गरम तेल अडकलं तर ते तिथेच साठून कातडीला लागून राहतं. उकाड्याचा त्रास असेल तर बाहीला हात न लावता पाठीला आणि काखेत जाळीदार कापडाची पट्टी लावून घ्या. धोका समोरून येतो, पाठ मोकळी ठेवता येते.

एका गोष्टीकडे फार कमी लोक लक्ष देतात. गरम भांडं धरायचं फडकं कोरडंच हवं. ओल्या फडक्यातून उष्णता फार लवकर आत येते, पाण्याची वाफ होते आणि हात पोळतो. ओल्या ॲप्रनचंही तेच, भिजला की बदला.

४. मग स्क्रबची बाही अर्धी का? डॉक्टरांना तर जास्त संरक्षण हवं ना?

स्क्रब हे नाव शस्त्रक्रियेआधी हात घासून धुण्यावरून आलं आहे. बोटांपासून कोपरापर्यंत हात धुवायचे असतात, म्हणून बाही कोपराच्या वर संपायलाच हवी. इथे कापडाने हात झाकण्यापेक्षा हात पूर्ण धुता येणं महत्त्वाचं. वॉर्डातही हाच विचार आहे: लांब बाहीची कड एका रुग्णाच्या अंगाला, पलंगाला लागते आणि पुढच्या रुग्णाकडे जाते, आणि प्रत्येक रुग्णानंतर हात धुतले तरी कड धुतली जात नाही. याच कारणाने इंग्लंडमध्ये आरोग्य खात्याने २००७ साली रुग्ण तपासताना कोपराखाली बाही, घड्याळ, अंगठ्या नकोत असं धोरण जाहीर केलं.

स्क्रबचा बाकी कटही याच तर्काने चालतो. कॉलर नाही, पुढे बटणांची पट्टी नाही, घड्या नाहीत, म्हणजे मळ साठायला जागा कमी आणि धुलाई सोपी. टॉप पँटमध्ये खोचायला सांगतात, कारण माणसाच्या अंगावरून त्वचेचे बारीक कण सतत झडत असतात आणि मोकळ्या टॉपच्या घेराखालून ते बाहेर पडतात. म्हणून टॉप आखूड शिवू नका. हात वर केला तरी खोचलेला राहील इतकी लांबी हवी.

काही हॉस्पिटलं दोन्ही बाजूंनी घालता येणारे स्क्रब मागतात. त्यात खिसा आतही असतो आणि बाहेरही, आणि नेफ्यातली नाडी दोन्ही बाजूंनी ओढता येते. घाईत उलटा घातला तरी काम अडत नाही. मात्र शिवण दोन्हीकडून बंद हवी, सुटे धागे नकोत.

५. स्क्रब निर्जंतुक असतात का?

नाही. हा गैरसमज नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांमध्ये फार दिसतो. स्क्रब स्वच्छ धुतलेले असतात, तेवढंच. निर्जंतुक असतो तो त्यावरून घालायचा गाऊन. तो पाठीमागे बांधतात, त्याची बाही मनगटापर्यंत पूर्ण असते आणि टोकाला विणीची कफ असते. घातल्यावरही सगळा गाऊन निर्जंतुक धरत नाहीत. छातीपासून टेबलाच्या उंचीपर्यंतचा पुढचा भाग आणि बाह्या, एवढाच. पाठ दिसत नाही म्हणून ती धरत नाहीत. विणीची कफ घाम आणि ओल शोषते, म्हणून ती पूर्णपणे हातमोज्याखाली जावी लागते. गाऊन शिवताना बाही आखूड पडली तर हात पुढे केल्यावर कफ मोज्यातून निसटते आणि गाऊन निरुपयोगी होतो.

६. ऑपरेशन थिएटरमध्ये हिरवा-निळा आणि बाकी ठिकाणी पांढरा, असं का?

पांढरं कापड तेजस्वी दिव्याखाली डोळ्यांवर चमकतं. शिवाय बराच वेळ लाल रंगाकडे पाहून नजर पांढऱ्यावर गेली की हिरवट डाग तरंगताना दिसतात. हिरव्या-निळ्या कापडावर ते डाग विरून जातात. सॅन फ्रान्सिस्कोचे शल्यविशारद हॅरी शेर्मन यांनी १९१४ साली पालकासारखा हिरवा रंग वापरायला सुरुवात केली ती चमक टाळण्यासाठीच. किचन आणि लॅबमध्ये उलट गरज असते. सांडलेलं लगेच दिसावं आणि कापड ब्लीचमध्ये घालता यावं, म्हणून तिथे पांढरा टिकला.

७. कॉटन घेऊ की टेरीकॉट?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याचं तिन्ही कपड्यांसाठी एकच उत्तर नाही.

टेरीकॉट म्हणजे पॉलिएस्टर आणि सुताचं मिश्रण. युनिफॉर्मच्या कापडात बहुतेक ६५ टक्के पॉलिएस्टर आणि ३५ टक्के सूत असतं. ते लवकर वाळतं, चुरगळत नाही, फारसं आटत नाही. म्हणून स्क्रबला ते चांगलं, कारण स्क्रब रोज धुवावे लागतात. अंगाला घाम फार येत असेल तर सुताचं प्रमाण जास्त असलेलं घ्या.

आगीपाशी मात्र हिशेब बदलतो. पॉलिएस्टर २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. सूत वितळत नाही. ते पेटतं, पण बाजूला ओढून काढता येतं. मिश्र कापड सुरक्षित असेल असं वाटतं, प्रत्यक्षात जळताना त्यातलं सूत दिव्याच्या वातीसारखं काम करतं आणि वितळलेलं पॉलिएस्टर धरून ठेवतं. तळणाचं तेल साधारण १८० अंशांना असतं, त्याने पॉलिएस्टर वितळत नाही. पण तंदूरची आतली भिंत ३०० अंशांच्या वर सहज जाते आणि रोटी लावताना हात खांद्यापर्यंत आत जातो. तंदूरवर काम करणाऱ्याने शंभर टक्के सुती ड्रिल किंवा ट्विलच घ्यावं, याबाबत मी ग्राहकाशी वाद घालायलाही तयार असतो. थंड किचन, बेकरीतलं सजावटीचं काम, बुफे काउंटर इथे टेरीकॉट चालेल.

लॅब कोटासाठी विचारा की लॅबमध्ये बर्नर आणि ईथर, ॲसिटोन, अल्कोहोल यांसारखे पेट घेणारे द्रव आहेत का. असतील तर सुती. नुसतं सूक्ष्मजीवशास्त्राचं किंवा रक्ततपासणीचं, ज्योतीशिवायचं काम असेल तर टेरीकॉट ठीक. विशेष धोक्याच्या रसायनांसाठी प्रश्न १२ पाहा.

८. दुकानदार 'प्युअर कॉटन' म्हणतो. खरं आहे हे कसं ओळखू?

शिवणीच्या आतल्या जादा कापडातून उभा एक आणि आडवा एक धागा ओढून काढा. दोन्ही वेगवेगळे तपासायचे, कारण काही कापडांत ताणा एक आणि बाणा दुसरा असतो. धागा चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली ठेवा आणि काडीपेटीची ज्योत लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि मऊ करडी राख उरते, ती बोटाने चुरते. पॉलिएस्टर ज्योतीपासून आक्रसतं, वितळतं आणि गार झाल्यावर कडक मण्यासारखा गोळा उरतो. मिश्रणात दोन्ही दिसतं: जळका कागदी वास येतो, पण राखेत खडा लागतो. प्रमाण किती हे यातून कळत नाही, शंभर टक्के सूत आहे की नाही एवढं नक्की कळतं. ही परीक्षा धाग्याचीच करा, अख्ख्या कापडाची नको.

९. लॅब कोटाला टिचबटण लावू की साधं काजाचं?

टिचबटण. अंगावर ॲसिड सांडलं किंवा बाही पेटली तर दोन्ही पाख्या धरून एका झटक्यात कोट उघडता आला पाहिजे. काजाची पाच बटणं काढायला जो वेळ जातो, तेवढ्यात आतला शर्ट भिजतो. लोखंडी टिचबटणाला गंज चढतो, म्हणून पितळी किंवा जाड प्लास्टिकचं घ्या आणि मागे कापडाचा दुहेरी थर द्या. एकेरी कापडावर बसवलेलं टिचबटण आठ-दहा धुलाईंत कापडासकट निघून येतं.

कटबाबत आणखी एक. नेहमीच्या लॅब कोटाला कोटासारखी पडलेली कॉलर असते, तिच्यामुळे गळ्याखालचा त्रिकोण उघडा राहतो. रोगजंतूंवर काम करणाऱ्या लॅबसाठी ब्रिटनमध्ये 'हाऊई कोट' रूढ झाला. जेम्स हाऊई यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या १९७८च्या नियमावलीवरून त्याला हे नाव पडलं. उभी बंद कॉलर, खांद्याच्या बाजूने उतरणारी टिचबटणांची पट्टी आणि मनगटाला घट्ट बसणारी कफ. सांडलेलं समोरच्या फटीतून आत जात नाही. आम्ही तो मागणीप्रमाणे शिवतो. कापड थोडं जास्त लागतं, कारण पुढची पाखी एका बाजूने रुंद असते.

पँटच्या खिशात हात घालता यावा म्हणून बाजूला चिरा ठेवायला काही मुलं सांगतात. ठेवू नका. टेबलाच्या कडेवरून ओघळलेलं रसायन बरोबर तिथूनच आत जातं.

१०. लॅब कोट घरी आणला तेव्हा धड होता, धुतल्यावर भोकं पडली. कापड खराब आहे का?

बहुतेक वेळा कापड नाही, विरल सल्फ्युरिक ॲसिड. प्रॅक्टिकलला थेंब उडतात, पाण्यासारखे असल्याने दिसत नाहीत. नंतर त्यातलं पाणी उडून जातं, ॲसिड मात्र उडत नाही. ते त्याच जागी तीव्र होत जातं आणि सुताचा धागा आतून तोडतं. कोट खुंटीला टांगलेला असेपर्यंत काही कळत नाही. धुताना चोळलं की कुजलेले धागे गळून पडतात. ओळखायची खूण म्हणजे भोकं गोल, विखुरलेली आणि पोट व उजव्या बाहीच्या पुढच्या भागात जास्त असतात. शिवणीवर उसवलेलं असेल किंवा घासल्या जागी विरलं असेल तर ती आमची किंवा कापडाची चूक.

उपाय एकच आहे: प्रॅक्टिकलवरून आल्या दिवशीच कोट भरपूर साध्या पाण्यात खळबळून काढा, आठवडाभर बॅगेत कोंबून ठेवू नका. पॉलिएस्टर विरल ॲसिडला बऱ्यापैकी टिकतं, तरी तेवढ्यासाठी टेरीकॉट घेऊ नका. आगीचा हिशेब प्रश्न ७ मध्ये आहे.

११. कोट धुतल्यावर बाही आखूड झाली. आधीच किती जास्त ठेवायची?

अंदाजाने ठेवू नका, मोजा. काही वर्षांपूर्वी एका कॉलेजचे शेफ कोट मी न आटवलेल्या सुती ट्विलमध्ये शिवले. पहिल्याच धुलाईनंतर मुलांची मनगटं उघडी पडली आणि सगळ्या बाह्या नव्याने लावून द्याव्या लागल्या. तेव्हापासून प्रत्येक नव्या ताग्याचा तुकडा आधी तपासतो.

तुकड्यावर न पुसणाऱ्या शाईने ५० सेंमीचा चौकोन आखायचा, एक बाजू ताण्याच्या दिशेला. कोट जसा धुतला जाणार तसा, म्हणजे गरम पाण्यात, तीनदा धुऊन वाळवायचा आणि पुन्हा मोजायचा. समजा ताण्याकडे ४७.५ सेंमी आणि बाण्याकडे ४९ सेंमी भरलं. म्हणजे लांबीत ५ टक्के आणि रुंदीत २ टक्के आटलं. आता तयार बाही ६० सेंमी हवी असेल तर ६० भागिले ०.९५, म्हणजे साधारण ६३ सेंमी कापायची. कोटाची लांबी ७६ हवी असेल तर ८० सेंमी. छातीचा घेर ११२ हवा असेल तर ११२ भागिले ०.९८, म्हणजे ११४ च्या थोडं वर. लांबी आणि घेर यांना एकच टक्केवारी लावली की कोट अंगात ढगळ आणि बाहीत आखूड होतो.

शक्य असेल तेव्हा कापड भिजवून, वाळवूनच कापावं, हे जास्त चांगलं. शिवायचा धागा पॉलिएस्टरचा असतो आणि तो आटत नाही. कापड नंतर आटलं तर मापं बरोबर येऊनही शिवणी चुण्या पडल्यासारख्या दिसतात.

१२. सुती लॅब कोट असला की कुठलंही रसायन हाताळता येतं ना?

नाही. हवा लागताच आपोआप पेटणारी काही रसायनं असतात. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २९ डिसेंबर २००८ रोजी टर्शरी-ब्युटिललिथियम सिरिंजने काढताना ती सुटली आणि द्रव पेटला. काम करणाऱ्या तरुण संशोधिकेने लॅब कोट घातला नव्हता, अंगात कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता. १८ दिवसांनी तिचा मृत्यू झाला. अशा कामाला साधा सुती कोटही पुरत नाही. नोमेक्ससारख्या स्वतःहून जळत न राहणाऱ्या धाग्याचा किंवा ज्वालारोधक प्रक्रिया केलेल्या सुताचा कोट लागतो. प्रक्रिया केलेल्या सुताला क्लोरीनचं ब्लीच आणि कपडे मऊ करणारा द्रव लावायचा नाही, त्याने संरक्षण कमी होतं.

कोटाच्या आत काय घातलंय तेही तितकंच महत्त्वाचं. सिंथेटिक ओढणी, जॉर्जेटची साडी, नायलॉनचे मोजे यांवरून सुती कोट घातला तरी गळ्याशी आणि पायाशी तेच कापड उघडं असतं. प्रॅक्टिकलच्या दिवशी सुती कुर्ता घाला आणि ओढणी काढून ठेवा.

१३. हळद आणि रक्ताचे डाग कसे काढायचे?

शेफ कोटावरच्या हळदीला थेट साबण लावला की डाग लाल होतो आणि लोक घाबरतात. साबणाच्या खारेपणाने हळदीचा रंग बदलतो, पाण्याने खळबळल्यावर तो पुन्हा पिवळा होतो. हळद बहुतेक वेळा तेलात असते, म्हणून आधी भांडी घासायच्या द्रवाने तेल काढा आणि मग ओला कोट कडक उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हात उडतो. दोन दिवस ऊन मिळालं तर ब्लीचची गरजही पडत नाही.

रक्ताचं उलट. आधी थंड पाणी, गरम अजिबात नाही, कारण उष्णतेने रक्तातली प्रथिनं घट्ट होऊन धाग्यात बसतात. डाग गेल्यावर मग गरम धुलाई.

१४. स्ट्रेच स्क्रब घेतले तर चालतील का? आणि घरी धुतले तर?

अंगाला बसणारे, लवचीक स्क्रब ओपीडीत चांगले वाटतात. त्यांतला स्पॅन्डेक्सचा धागा क्लोरीन ब्लीचने आणि जास्त उष्णतेने लवकर मरतो, मग गुडघे लोंबू लागतात. हॉस्पिटलच्या लाँड्रीत जाणारे स्क्रब असतील तर घेऊ नका. तिथली धुलाई कडक असते: ब्रिटनच्या मार्गदर्शनानुसार पाणी ६५ अंशांवर किमान १० मिनिटं किंवा ७१ अंशांवर किमान ३ मिनिटं राहावं लागतं.

ऑपरेशन थिएटरमध्ये घातलेले, रक्त किंवा स्राव लागलेले स्क्रब घरी आणू नका, ते हॉस्पिटलनेच धुवायचे. ओपीडीचे घरी धुवायचे असतील तर वेगळ्या पिशवीतून आणा, घरच्या कपड्यांत मिसळू नका, निदान ६० अंशांच्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय घडी करू नका. तुमच्या मशीनला गरम पाण्याची सोय नसेल तर बादलीत उकळतं पाणी घेऊन धुवावं लागेल. त्यासाठी कडक धुलाईला टिकणारं साधं टेरीकॉट किंवा सुती कापडच घ्या.

१५. एकच पांढरा कोट लॅबला आणि वॉर्डाला वापरू का?

दोन घ्या. लॅबच्या कोटावर रसायनं आणि जंतू असतात, तो लॅबच्या दाराशीच काढून ठेवायचा असतो. तो घालून रुग्णापाशी जाऊ नका आणि कॅन्टीनमध्येही नको. वॉर्डासाठी अर्ध्या बाहीचा कोट चालत असेल तर तोच शिवून घ्या, कारण प्रश्न ४ मध्ये आलं आहे. लॅबच्या कोटाची बाही मात्र पूर्णच हवी. ओळख पटावी म्हणून आम्ही लॅबच्या कोटाच्या खिशावर निळ्या धाग्याची एक उभी टीप मारून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.